रिकाम्या पोटाचं रक्त अर्धीच गोष्ट सांगतं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

दोस्तांनो,

आपल्या आरोग्य शिबिरांचं काम तुम्ही मनापासून करता. सकाळी आठला टेबल लागतं, बोटाला टोचून शुगर पाहिली जाते आणि हातात एक चिठ्ठी दिली जाते. बहुतेकांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘शुगर नॉर्मल’. आज मी त्या दोन शब्दांबद्दलच बोलणार आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्ताच्या रिपोर्टवर सही करणं हे माझं रोजचं काम, आणि ते दोन शब्द मीसुद्धा अनेक वर्षं सहज लिहीत आले.

मागच्या वर्षी आपल्याच एका शिबिरात आलेली एक शिक्षिका नंतर माझ्याकडे लॅबमध्ये आली. वय चौतीस, वजन चोपन्न किलो, दिसायला अगदी सडपातळ. तिला आपण बाजी म्हणू. शिबिरात तिची उपाशीपोटी शुगर ९२ होती, चिठ्ठीवर ‘नॉर्मल’. ती निश्चिंत होती. पण तिला दुसरं मूल हवं होतं, आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी जुनी फाइल चाळली तेव्हा त्यात एक ओळ सापडली. पाच वर्षांपूर्वी, पहिल्या बाळाच्या वेळी, बाजीला गरोदरपणातला मधुमेह झाला होता. बाळ झाल्यावर एकदा फास्टिंग तपासली होती, ती चांगली आली आणि विषय संपला. या वेळी डॉक्टरांनी फक्त फास्टिंगवर न थांबता ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करायला सांगितली.

ही टेस्ट अशी असते. रात्रभर, म्हणजे आठ ते चौदा तास उपाशी राहून सकाळी पहिलं रक्त द्यायचं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं. पहिला घोट घेतला की घड्याळ सुरू. दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. बाजीचं आम्ही मध्येही दोनदा घेतलं, कारण तिच्या डॉक्टरांना पूर्ण चढउतार पाहायचा होता. आकडे असे आले: उपाशीपोटी ९४, अर्ध्या तासाने १७२, एका तासाने २४१, दोन तासांनी २१४.

आता मापदंड पाहा. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त असेल तर डायबेटिस. ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त असेल तरीही डायबेटिस. दोन्ही दारं स्वतंत्र आहेत, एकातून आत गेलं तरी माणूस आतच असतो. बाजीची पहिली संख्या १००च्याही खाली, म्हणजे पूर्ण नॉर्मल. आणि शेवटची मात्र डायबेटिसच्या हद्दीत. ती मला म्हणाली, “मॅडम, एकाच सकाळी, एकाच हाताचं रक्त. यातलं खरं कोणतं?”

उत्तर असं की दोन्ही खरे आहेत. कारण दोन्ही आकडे शरीराला वेगवेगळा प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न रात्रीचा. रात्री आपण जेवून झोपतो, पहाटेपर्यंत आतड्यातून येणारी साखर संपते. तरी मेंदूला साखर लागतेच. ती पुरवतं लिव्हर. चोपन्न किलो वजनाच्या माणसात लिव्हर तासाला साधारण सहा-सात ग्रॅम साखर रक्तात सोडतं आणि शरीर तेवढीच वापरतं. जमाखर्च जुळला की पातळी स्थिर. लिव्हरने जास्त सोडू नये म्हणून त्याला धरून ठेवतं इन्शुलिन, आणि त्यासाठी अगदी थोडं इन्शुलिन पुरतं. लिव्हर या बाबतीत शहाणं आहे, हळू आवाजही त्याला ऐकू येतो. म्हणजे उपाशीपोटी शुगर नॉर्मल येते, तेव्हा आपल्याला एवढंच कळतं की स्वादुपिंडाचा हळू आवाज अजून चालू आहे आणि लिव्हर तो ऐकतंय. यापेक्षा जास्त काही त्या आकड्यात नाही.

दुसरा प्रश्न जेवणानंतरचा आणि तो कितीतरी अवघड आहे. किती अवघड, ते पाहा. बाजीच्या अंगात साधारण चार लिटर रक्त. शंभराच्या आसपास शुगर म्हणजे एका लिटरमध्ये एक ग्रॅम. म्हणजे तिच्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? चार ग्रॅम, चहाचा एक छोटा चमचा. आणि आपण तिला प्यायला काय दिलं? ७५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एकोणीस चमचे. ते सगळं पुढच्या दोनेक तासांत आतड्यातून रक्तात यायला लागतं. एका चमच्याच्या भांड्यात एकोणीस चमचे ओतायचे आणि भांडं फार भरूही द्यायचं नाही, असा हा पेपर आहे.

निरोगी शरीर तो कसा सोडवतं? तीन गोष्टी वेळेवर व्हाव्या लागतात. एक, साखर आत येते आहे असं दिसताच स्वादुपिंडाने पहिल्या काही मिनिटांतच इन्शुलिनचा जोरदार हप्ता सोडायचा. आतड्यातले काही हार्मोन त्याला आगाऊ वर्दी देतात. दोन, तो हप्ता लिव्हरपर्यंत पोचताच लिव्हरने स्वतःची साखर सोडणं बंद करायचं, कारण बाहेरून माल येत असताना गोदाम उघडं ठेवण्यात अर्थ नाही. तीन, स्नायूंनी दारं उघडून साखर आत घ्यायची. रक्तात आलेली बरीचशी साखर शेवटी स्नायूंतच जाते. हे जमलं की आकडे ८८, १३८, १२६, १०४ असे येतात. चढतात, पण दोन तासांत खाली येतात.

बिघाड सुरू होतो तो बहुधा पहिल्या गोष्टीत आणि तिसऱ्या गोष्टीत. स्वादुपिंड अजून इन्शुलिन बनवतं, पण तो पहिला जोरदार हप्ता हरवतो. इन्शुलिन येतं, उशिरा येतं. आग विझवायला पाणी येतं, पण अर्ध्या तासाने. तोवर लिव्हरला बंद करण्याचा निरोप मिळालेला नसतो, त्यामुळे ते आपलं सोडतच राहतं. वर आतड्यातून येणारी भर. आणि दुसरीकडे स्नायू इन्शुलिनचं नीट ऐकत नाहीत. लिव्हरला हळू आवाज पुरतो असं मी म्हटलं, स्नायूंना मात्र मोठ्याने सांगावं लागतं. म्हणून बाजीचा आकडा एका तासाला २४१वर गेला आणि दोन तासांनीही २००च्या वर राहिला.

मग सकाळी तो ९४वर कसा येतो? कारण रात्र मोठी असते. उशिरा आलेलं इन्शुलिनही काही तासांत काम पूर्ण करतं. मेंदू आपला वाटा इन्शुलिनशिवाय घेतच असतो. साखर साधारण १८०च्या पुढे गेली की थोडी लघवीतूनही जाते. आतड्यातून येणारी साखर थांबते. पहाटेपर्यंत हिशेब जुळतो, आणि आठ वाजता आपण टेबल लावून बसतो तेव्हा रक्त निर्दोष दिसतं. आपण शरीराला त्याच्या सर्वांत सोप्या वेळी गाठतो आणि पास झाल्याचा दाखला देतो.

आता रमजानचं उदाहरण घेऊ, कारण हे मला खूप ऐकायला मिळतं. “डॉक्टर, मी रोज्यात असरनंतर तपासली, ८८ आली. रोज्यांनी माझी शुगर बरी झाली.” तेरा-चौदा तास पोट रिकामं असेल तर ८८ येणारच. ते लिव्हरच्या शांत वेळेचं माप आहे. खरी परीक्षा मगरिबनंतर सुरू होते. खजूर, रूह अफजा, फळं, भजी, मग जेवण. हाच माणूस इफ्तारनंतर दोन तासांनी तपासेल तर दुसरीच गोष्ट दिसू शकेल. फक्त एक लक्षात ठेवा. इफ्तारनंतरच्या आकड्यावरून डायबेटिसचं निदान करायचं नाही. एक तर प्रत्येकाचं ताट वेगळं, आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी शरीराची साखर हाताळण्याची ताकद सकाळपेक्षा मुळातच कमी असते. तो आकडा खूप वर आला तर इशारा समजायचा आणि ईदनंतर एखाद्या सकाळी रीतसर टेस्ट करायची.

इथे कुणी विचारेल, मग लॅबमध्ये ‘फास्टिंग-पीपी’ करतात ते काय? पीपी म्हणजे घरी जेवून किंवा नाष्टा करून दोन तासांनी दिलेलं रक्त. उपचार चालू असलेल्या माणसासाठी ते उपयोगाचं आहे. निदानासाठी मात्र कच्चं. एकाने दोन इडल्या खाल्लेल्या असतात, दुसऱ्याने भीतीने फक्त चहा-खारी. ७५ ग्रॅम ग्लुकोज सगळ्यांना सारखं असतं, म्हणून २००चा मापदंड त्याच टेस्टला लागू होतो.

आणि एचबीएवनसी? तेही बाजीचं केलं होतं. ६.१ आलं, डायबेटिसची हद्द ६.५ आहे. ही टेस्ट दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ६.१ म्हणजे सरासरी शुगर साधारण १२८. आता विचार करा, दिवसात तीन जेवणांनंतर दोन-तीन तास चढ आणि बाकी सगळा वेळ ९५-१००. सरासरी काढली की चढ त्यात बुडून जातो. वर्गातल्या सरासरी मार्कांवरून नापास कोण झालं ते कळत नाही, तसंच. शिवाय आपल्याकडे मुलींमध्ये ॲनिमिया भरपूर. लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा वाढू शकतो, आणि लाल पेशी लवकर मोडणाऱ्या आजारात खोटा कमी येतो.

हा प्रकार विरळा आहे का? नाही. युरोपातल्या अनेक पाहण्या एकत्र करून ‘डिकोड’ नावाच्या गटाने १९९८ साली हिशेब मांडला होता. पाहणीत नव्याने डायबेटिस सापडलेल्यांपैकी दोन्ही टेस्टमध्ये बसणारे जेमतेम २८ टक्के होते. बाकीचे फक्त फास्टिंगमध्ये किंवा फक्त दोन तासांच्या आकड्यात सापडले. याच गटाने पुढच्या वर्षी दाखवलं की दोन तासांचा आकडा चढलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त असतो, फास्टिंग काहीही असो. म्हणजे हा केवळ कागदावरचा डायबेटिस नाही.

आणि आपल्या लोकांबाबत आणखी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यासोबतचा स्वतःचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी. साखर शोषून घेणारं मोठं गोदाम म्हणजे स्नायू, हे आपण आत्ताच पाहिलं. गोदाम लहान असेल तर जेवणानंतरचा चढ लवकर दिसणार. म्हणून ‘ती तर बारीक आहे, तिला कसला डायबेटिस’ हे वाक्य आपल्या शिबिरांतून बंद करा. बाजीला हेच सगळे सांगत होते.

आता टेस्टच्या मर्यादा, कारण एका आकड्यावर उडी मारणं हीसुद्धा चूकच. दोन तासांचा आकडा थोडा चंचल असतो. त्याच माणसाचा आठवड्याने पंधरा-वीस टक्क्यांनी वेगळा येऊ शकतो. म्हणून सतत तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं नसतील तर हद्द ओलांडलेली टेस्ट पुन्हा करायची. ज्या टेस्टमध्ये हद्द ओलांडली, तीच. बाजीची फास्टिंग दहा वेळा केली असती तरी दहा वेळा नॉर्मल आली असती.

टेस्ट बिघडते ती कशी, हेही समजून घ्या. अनेक जण टेस्टच्या आधी तीन-चार दिवस घाबरून भात-पोळी सोडतात. त्याने आकडा सुधारत नाही, उलट चढतो, कारण उपासमारीत शरीर साखर हाताळण्याची सवय मोडतं. तीन दिवस नेहमीचं जेवण हवं, रोज निदान १५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. साधं जेवणाऱ्या घरात एवढे सहज जातात. म्हणूनच रमजानच्या मध्यात ही टेस्ट नको. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास बसून राहायचं. बाजारात चक्कर मारून आलात तर चालणारे स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खोटा कमी येतो. सिगारेट नाही. ताप असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर टेस्ट पुढे ढकला. उलटी झाली तर टेस्ट रद्द.

आणि एक चूक आमच्या बाजूची. रक्त नळीत काढल्यावरही त्यातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला पाच ते सात टक्के घट होऊ शकते. शिबिरात सकाळी काढलेलं रक्त दुपारी लॅबमध्ये पोचलं तर १३२चा आकडा ११०च्या खालीसुद्धा उतरू शकतो आणि आजारी माणूस नॉर्मल ठरतो. म्हणून करड्या टोपणाची नळी वापरायची, बर्फात ठेवायची आणि रक्त लवकर लॅबमध्ये पोचवायचं. बोटाला टोचून पाहायचं मशीन रोजच्या देखरेखीसाठी चांगलं आहे, निदानाचा शिक्का त्यावरून मारायचा नाही.

बाजीची टेस्ट आम्ही दहा दिवसांनी पुन्हा केली. फास्टिंग ९७, दोन तासांनी २०८. निदान पक्कं झालं. ती गप्प बसली, मग म्हणाली, “शिबिरातली चिठ्ठी मी कपाटात जपून ठेवली होती.” त्या वाक्याने मला आज तुमच्यासमोर उभं केलं आहे. कारण तिला मूल हवं होतं. बाळाचं हृदय, मेंदू, मणका हे सगळं पहिल्या सात-आठ आठवड्यांत आकार घेतं, कधी कधी आईला दिवस गेल्याची नीट खात्री होण्याआधीच. त्या काळात आईची शुगर चढलेली असेल तर जन्मजात दोषांचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. आपल्या ‘नॉर्मल’च्या चिठ्ठीवर विसंबून ती पुढे गेली असती तर कळायला उशीर झाला असता.

तिचे उपचार डॉक्टरांनी ठरवले, त्यात मी पडत नाही. पण तिने केलेली एक गोष्ट सांगते, कारण ती या सगळ्या हिशेबात चपखल बसते. प्रत्येक जेवणानंतर ती पंधरा-वीस मिनिटं चालू लागली. चालणारा स्नायू साखरेसाठी दार उघडायला इन्शुलिनची वाट पाहत नाही. नेमक्या चढाच्या वेळी हे दार उघडलं की शिखर खाली येतं. फास्टिंग मुळातच नॉर्मल असलेल्या माणसाने पहाटे चालावं की जेवणानंतर, याचं उत्तर तुम्हाला आता स्वतःच देता येईल. चार महिन्यांनी तिच्या जेवणानंतरच्या शुगर आटोक्यात आल्या आणि डॉक्टरांनी दुसऱ्या बाळाला हरकत नाही असं सांगितलं.

आता आपलं काम. सगळ्यांना ग्लुकोज पाजत बसा असं मी म्हणत नाही. दोन तास आणि दोन वेळा रक्त हे शिबिरात झेपणारं नाही. पण टेबलावर बसल्यावर चार प्रश्न विचारता येतात. गरोदरपणात कधी शुगर वाढली होती का? आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना डायबेटिस आहे का? पाळी अनियमित, पीसीओडी सांगितलं आहे का? पोटाचा घेर वाढलेला किंवा लिव्हरवर चरबी सांगितली आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल किंवा फास्टिंग १०० ते १२५च्या दरम्यान असेल, तर त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पाठवा आणि ‘दोन तासांच्या टेस्टबद्दल विचारा’ असं चिठ्ठीवर लिहून द्या. गरोदरपणात शुगर झालेल्या बहिणीने बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी ही टेस्ट करायलाच हवी, आणि ती चांगली आली तरी पुढे एक ते तीन वर्षांनी पुन्हा पुन्हा.

आणि बाकीच्यांच्या चिठ्ठीवर ‘शुगर नॉर्मल’ लिहू नका. लिहा, ‘आज उपाशीपोटी शुगर ९२.’ एवढंच आपण मोजलं आहे, एवढंच लिहायचं. जे मोजलंच नाही त्याची ग्वाही आपण का द्यावी?